चालत्या व्हिडिओचे नाव बदलावे की नाही?

आपले अनेक कारागीर आणि लहान व्यापारी आता आपल्या कामाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. त्यातला एखादा व्हिडिओ दोन-तीन वर्षे जुना होतो, तरी रोज नेमाने पाहिला जातो आणि त्यावरून गिऱ्हाइकांचे फोन येत राहतात. मग घरातला एखादा मुलगा किंवा बाजारातला जाणकार सुचवतो की, या व्हिडिओचे नाव फारच साधे आहे, जरा झणझणीत नाव ठेवा, म्हणजे दुप्पट लोक बघतील. नाव बदलायला अर्धा मिनिटही लागत नाही आणि पैसाही पडत नाही. म्हणून पुष्कळ जण ते लगेच बदलतात. त्यानंतर कुणाचे प्रेक्षक वाढतात, तर कुणाचा चांगला चालणारा व्हिडिओ महिनाभरात बसतो. असे का होते आणि कोणत्या व्हिडिओच्या नावाला हात लावू नये, हे या लेखात एका उदाहरणाच्या आधारे समजावून घेऊ.

नाव बदलल्याने नेमके काय बदलते?

आधी काय बदलत नाही ते पाहू. नाव बदलले तरी व्हिडिओचा दुवा तोच राहतो. आधी झालेली प्रेक्षकसंख्या, लोकांनी लिहिलेले अभिप्राय आणि पसंती तशाच राहतात. व्हॉट्सॲपवर पूर्वी पाठवलेला दुवाही चालू राहतो. त्यामुळे नाव बदलले की सगळे पुन्हा शून्यापासून सुरू होते, ही भीती खोटी आहे. तसेच, नाव बदलले की यूट्यूब खूश होऊन व्हिडिओ पुढे ढकलते, ही समजूतही खोटी आहे. नुसत्या बदलाला यूट्यूबकडे काही किंमत नाही. नवे नाव पाहून लोक पूर्वीपेक्षा वेगळे वागतात आणि त्या वागण्याप्रमाणे यूट्यूब तो व्हिडिओ अधिक किंवा कमी लोकांपुढे ठेवते. यूट्यूबने स्वतःही हेच सांगितले आहे.

नावाचा परिणाम दोन वाटांनी होतो. पहिली वाट शोधाची. एखादा माणूस आपली अडचण शब्दांत लिहितो किंवा बोलतो. यूट्यूब त्या शब्दांशी जुळणारे व्हिडिओ निवडताना नाव, नावाखालचे वर्णन आणि प्रत्यक्ष व्हिडिओतील मजकूर पाहते. त्या शब्दांवरून आलेल्या लोकांनी पूर्वी तो व्हिडिओ किती वेळ पाहिला, हेही पाहते. दुसरी वाट सुचवण्याची. माणसाने काहीच मागितलेले नसते. तो दुसरा व्हिडिओ पाहत असतो किंवा नुसते यूट्यूब उघडतो आणि त्याच्यापुढे आपला व्हिडिओ येतो. इथे नावाचे काम चित्राच्या जोडीने त्याला थांबवणे हे आहे.

ही दोन गिऱ्हाइके वेगळी आहेत. पहिला माणूस ‘गादी भरून मिळेल का’ असे विचारत दुकान शोधत येतो. दुसरा रस्त्याने जाता जाता पाटी बघतो. पहिल्यासाठी पाटीवर त्याच्या तोंडचा शब्द हवा. दुसऱ्यासाठी पाटी नजरेत भरणारी हवी. चालत्या व्हिडिओचे नाव बदलताना होणारी मोठी चूक ही की, दुसऱ्याला खूश करण्यासाठी पहिल्याचा शब्द पुसला जातो.

चारठाण्याच्या पिंजाऱ्याचे उदाहरण

समजा, परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे एका पिंजारी बांधवाचे गादी-रजईचे दुकान आहे. उदाहरण कल्पित आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत. या बांधवाने २०२२ मध्ये नऊ मिनिटांचा एक व्हिडिओ टाकला. जुनी गादी उसवून कापूस कसा काढायचा, उन्हात कसा वाळवायचा, मशीनवर कसा पिंजायचा, नव्या खोळीत भरून काठीने सारखा कसा करायचा आणि शेवटी टाके कसे घालायचे, हे सगळे त्यात दाखवले आहे. त्याचे नाव आहे, ‘जुन्या गादीचा कापूस पिंजून नवी गादी कशी भरतात’.

हा व्हिडिओ महिन्याला ३,००० वेळा पाहिला जातो. हे लोक कुठून येतात ते पाहण्यासाठी यूट्यूबच्या YouTube Studio या ॲपमध्ये तो व्हिडिओ उघडावा, Analytics वर जावे आणि तिथे Traffic sources हा भाग पाहावा. त्यात YouTube search म्हणजे शोधातून आलेले, Suggested videos म्हणजे दुसऱ्या व्हिडिओशेजारी दिसून आलेले आणि Browse features म्हणजे मुख्य पानावर दिसून आलेले लोक असतात. YouTube search वर बोट ठेवले की लोकांनी कोणते शब्द लिहिले, त्यांची यादीही दिसते. नाव बदलण्याआधी पाहायची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच यादी आहे.

आपल्या उदाहरणात ३,००० पैकी २,१०० लोक शोधातून येतात. त्यांचे शब्द आहेत ‘जुनी गादी नवी कशी करावी’, ‘गादी भरणे’, ‘कापूस पिंजणे मशीन’. आणखी ६०० लोक सुचवण्यातून येतात. उरलेले ३०० व्हॉट्सॲपवरच्या दुव्यावरून आणि इतर वाटांनी येतात. महिन्याला दुकानाला साधारण २० फोन येतात, त्यातले बहुतेक जिंतूर, सेलू, मंठा या भागातले.

आता घरातल्या मुलाने नाव बदलून ‘मशीनची कमाल! शेवटपर्यंत पाहाच’ असे केले. पुढे काय होते?

प्रेक्षकसंख्या ही दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते. व्हिडिओचे चित्र व नाव किती वेळा लोकांच्या पडद्यावर आले, ही पहिली गोष्ट. त्यातल्या किती जणांनी ते उघडले, ही दुसरी. पहिल्या आकड्याला यूट्यूब Impressions म्हणते. दुसऱ्याला Impressions click-through rate म्हणते, आपण त्याला ‘उघडण्याचे प्रमाण’ म्हणू. यूट्यूबच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या चॅनेलांचे आणि व्हिडिओंचे हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असते.

जुन्या नावाने शोधात हा व्हिडिओ महिन्याला ३०,००० वेळा दिसत होता आणि ७ टक्के लोक उघडत होते, म्हणून २,१००. सुचवण्यात २०,००० वेळा दिसून ३ टक्के लोक उघडत होते, म्हणून ६००. नव्या नावात ‘गादी’ नाही, ‘कापूस’ नाही, ‘पिंजणे’ही नाही. त्यामुळे त्या शब्दांच्या शोधात व्हिडिओ खाली सरकला आणि १८,००० वेळाच दिसला. ज्यांना दिसला त्यांनाही हा आपल्या कामाचा आहे की नाही ते कळेना, म्हणून उघडणारे ६ टक्के झाले. म्हणजे शोधातून १,०८० लोक आले. सुचवण्यात मात्र नवे नाव जास्त लोकांनी उघडले. प्रमाण ३ वरून साडेचार टक्के झाले आणि ६०० चे ९०० झाले. इतर ३०० तसेच राहिले. एकूण झाले २,२८०.

मुलगा म्हणेल, बघा, सुचवण्यातले लोक दीडपट झाले. त्याचे म्हणणे खोटे नाही. पण दुकानाचे ७२० प्रेक्षक गेले आणि गेले ते कामाचे. ‘कमाल’ बघायला आलेल्या माणसाला नऊ मिनिटे गादी भरताना पाहायची नसते. तो दीड मिनिटात निघून जातो. पूर्वी सरासरी चार मिनिटे पाहिला जाणारा व्हिडिओ आता कमी पाहिला जातो. लोक लवकर उठून जातात हे यूट्यूबच्या ध्यानात आले की सुचवणेही हळूहळू कमी होते. मग पुढच्या महिन्यात ते ९०० सुद्धा टिकत नाहीत. आणि फोन २० वरून ९ वर आले, हे तर यूट्यूबच्या कोणत्याच तक्त्यात दिसत नाही. ते दुकानदाराच्या वहीतच दिसते.

केव्हा हात लावू नये?

वरील उदाहरणावरून पहिला नियम निघतो. व्हिडिओचे निम्म्याहून अधिक लोक शोधातून येत असतील आणि ते ज्या शब्दांनी येतात ते शब्द नावात असतील, तर ते नाव तसेच राहू द्यावे. ते कितीही साधे वाटो. साधेपणा हाच त्याचा गुण आहे, कारण गिऱ्हाईक तसेच बोलते.

दुसरा प्रसंग हंगामाचा. रजईची मागणी थंडीत वाढते, गादीची लग्नसराईत. मार्चमध्ये रजईच्या व्हिडिओचे प्रेक्षक घटले म्हणून नाव बदलणे चुकीचे आहे, कारण घटली ती मागणी. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करावी. मागच्या मार्चमध्येही अशीच घट असेल, तर नावाचा दोष नाही.

तिसरा प्रसंग, गावाचे नाव घालण्याचा मोह. ‘चारठाणा’ हा शब्द नावात घातला तर गावाकडचे गिऱ्हाईक सापडेल असे वाटते. परंतु बाहेरच्या लोकांना चारठाणा माहीत आहे ते तिथल्या हेमाडपंती देवळांमुळे. हा शब्द शोधणाऱ्या पुष्कळांना जुनी देवळे पाहायची असतात. त्यांच्यापुढे गादी आली तर ते पुढे जातात किंवा उघडून लगेच बंद करतात. दुकानाचा पत्ता, गाव, तालुका आणि फोन हे वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत लिहावे. तिथे ते गिऱ्हाइकाला दिसते आणि नावाला धक्का लागत नाही.

चौथा प्रसंग भाषेचा. हिंदीत नाव केले तर जास्त लोक बघतील, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रेक्षक वाढतीलही, पण लखनौचा माणूस चारठाण्यात गादी भरायला येणार नाही. तरीही हिंदी वाचकांपर्यंत जायचे असेल, तर मराठी नाव पुसण्याची गरज नाही. संगणकावर YouTube Studio मध्ये त्याच व्हिडिओला दुसऱ्या भाषेतले नाव आणि वर्णन जोडण्याची सोय आहे. ज्याच्या यूट्यूबची भाषा हिंदी आहे त्याला हिंदी नाव दिसते, मराठीवाल्याला मराठी.

केव्हा बदलावे?

काही वेळा मात्र नाव बदलणे योग्य असते, आणि कधी कधी ते कर्तव्यच ठरते.

नावात लिहिलेली गोष्ट आता खरी नसेल, तर बदल लगेच करावा. ‘३०० रुपयांत गादी भरून घ्या’ असे नाव २०२२ मध्ये दिले असेल आणि आज तो भाव राहिला नसेल, तर प्रेक्षक कितीही येत असले तरी ते नाव ठेवणे म्हणजे खोटा भाव सांगून माणसाला दुकानात बोलावण्यासारखे आहे. येथे फक्त आकडा काढावा, बाकी शब्द तसेच ठेवावेत. पुढच्या वेळी नावात भाव लिहूच नये.

दुसरे, शोधाच्या यादीत असा एखादा शब्द वारंवार दिसतो, जो व्हिडिओत आहे पण नावात नाही. आपल्या उदाहरणात बरेच लोक ‘रजई’ शोधून येत आहेत असे समजा, आणि व्हिडिओच्या शेवटी जुन्या रजईचा कापूस पिंजतानाही दाखवले आहे. मग नाव असे करता येईल, ‘जुन्या गादीचा कापूस पिंजून नवी गादी कशी भरतात, रजईसाठीही हीच रीत’. चालते शब्द आधी होते तसेच आणि त्याच जागी राहिले, नवा शब्द शेवटी आला. मोबाइलवर लांब नावाचा शेवट कापला जातो, म्हणून कामाचे शब्द नेहमी सुरुवातीला असावेत. नावाला एकूण शंभर अक्षरांची मर्यादा आहे, पण ती भरून काढायची गरज नाही.

तिसरे, बहुतेक लोक सुचवण्यातून येतात, व्हिडिओ खूप वेळा दिसतो, पण उघडण्याचे प्रमाण आपल्याच इतर व्हिडिओंपेक्षा बरेच कमी आहे, आणि जे उघडतात ते मात्र बराच वेळ पाहतात. याचा अर्थ माल चांगला आहे, पाटी कमी पडते. येथे नाव बदलून फायदा होऊ शकतो. विज्ञानाचे व्हिडिओ करणारे डेरेक मलर यांनी २०२१ मध्ये आपल्या Veritasium या चॅनेलवर याच विषयावर एक व्हिडिओ केला. नाव आणि चित्र यांतल्या बदलाने व्हिडिओच्या प्रेक्षकसंख्येत मोठा फरक कसा पडतो, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. त्यांचे मुख्य म्हणणे असे की, उत्सुकता वाढवणारे नाव आणि फसवणारे नाव यांत फरक आहे. मात्र त्यांचे प्रेक्षक मुख्यतः सुचवण्यातून येणारे असतात. गादीवाल्याने त्यांची रीत शोधावर चालणाऱ्या व्हिडिओला लावू नये.

बदल करायचाच असेल तर

आधी जुने नाव अक्षरशः जसेच्या तसे वहीत उतरवून घ्यावे आणि बदलाची तारीख लिहावी. त्याच पानावर मागच्या चार आठवड्यांचे आकडे लिहावेत. शोधातून किती वेळा दिसला व किती टक्के उघडला, सुचवण्यातून किती वेळा दिसला व किती टक्के उघडला, सरासरी किती वेळ पाहिला गेला आणि दुकानाला फोन किती आले. फोन करणाऱ्याला ‘आमचे नाव कुठून कळले?’ एवढे विचारण्याची सवय ठेवली की शेवटचा आकडा आपोआप मिळतो.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाव आणि चित्र एकाच दिवशी बदलले, तर फरक कशामुळे पडला ते कळायला मार्ग राहत नाही. दोन जुने व्हिडिओ असतील तर आधी कमी चालणाऱ्यावर प्रयोग करावा. सर्वाधिक फोन आणणारा व्हिडिओ प्रयोगासाठी नसतो. तसेच, हंगामाच्या तोंडावर बदल करू नये. नोव्हेंबरमध्ये रजईच्या व्हिडिओचे नाव बदलले आणि प्रेक्षक वाढले, तर श्रेय नावाला द्यायचे की थंडीला, हे कुणीच सांगू शकणार नाही. त्यासाठी मधला शांत काळ बरा.

बदल केल्यावर दुसऱ्याच दिवशी आकडे पाहून घाबरू नये किंवा हुरळूही नये. दिवसाला शंभर लोक पाहणाऱ्या व्हिडिओत एखाद्या दिवशी ८० आणि एखाद्या दिवशी १२० असा चढउतार नाव न बदलताही होतो. तीन-चार आठवडे थांबून तेच आकडे पुन्हा लिहावेत आणि शेजारी ठेवून वाचावेत.

वाचायची रीत अशी. शोधात दिसण्याची संख्या तेवढीच आहे पण उघडण्याचे प्रमाण पडले, तर नवे नाव लोकांना पटलेले नाही. शोधात दिसणेच कमी झाले, तर एक तर आपण शोधाचा शब्द गमावला आहे, किंवा मागणी कमी झाली आहे, किंवा दुसऱ्या कुणाचा नवा व्हिडिओ वर आला आहे. आपण स्वतः ते शब्द शोधून पाहिले की तिसरी शक्यता लक्षात येते. मात्र आपल्याच मोबाइलवर आपलाच व्हिडिओ वर दिसण्याची शक्यता असते, म्हणून शेजाऱ्याच्या मोबाइलवर पाहावे. प्रमाण वाढले पण सरासरी पाहण्याचा वेळ पडला, तर नाव व्हिडिओपेक्षा मोठे बोलत आहे. प्रमाण वाढले आणि वेळही टिकला, तर बदल जमला.

बदल फसला असे चार आठवड्यांत दिसले, तर वहीतले जुने नाव जसेच्या तसे परत घालावे. शोधातली जागा बहुधा हळूहळू सावरते, परंतु मधल्या काळात दुसऱ्याच्या व्हिडिओने ती घेतली असेल तर ती पूर्ण परत मिळेलच असे नाही. आठ-आठ दिवसांनी नावे बदलत राहणे तर सर्वांत वाईट, कारण मग कोणत्याच नावाचा खरा हिशेब हाती लागत नाही.

यूट्यूबने सप्टेंबर २०२५ मध्ये एक सोय जाहीर केली. एकाच व्हिडिओला तीनपर्यंत नावे देऊन ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवायची आणि कोणत्या नावाने व्हिडिओ अधिक वेळ पाहिला जातो ते तपासायचे. आपल्या खात्यात हा पर्याय दिसत असेल, तर नुसते बदलून पाहण्यापेक्षा तो बरा, कारण तीनही नावे एकाच काळात तपासली जातात आणि हंगामाचा घोळ राहत नाही. परंतु ती चाचणी पाहण्याचा वेळ मोजते. दुकानाचे फोन मोजत नाही. ती वही आपल्यालाच ठेवावी लागते.

चारठाण्याच्या पिंजाऱ्याचा विचार केला तर त्याच्यासाठी निर्णय सरळ आहे. ‘जुन्या गादीचा कापूस पिंजून नवी गादी कशी भरतात’ हे नाव ठेवावे, वाटल्यास शेवटी रजईचा उल्लेख जोडावा आणि फोन व पत्ता वर्णनाच्या पहिल्या ओळीत आणावा. मुलाला ‘मशीनची कमाल’ दाखवायची हौस असेल, तर त्याने पिंजण मशीनचा वेगळा, लहान व्हिडिओ करून त्याला ते नाव द्यावे आणि त्याखाली मोठ्या व्हिडिओचा दुवा लिहावा. म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यासाठी नवी पाटी लागेल आणि शोधत येणाऱ्याला जुनी पाटी जागच्या जागी सापडेल.